सोडतीची तिकिटे किती छापली असतील? सर्वांत मोठ्या क्रमांकावरून अंदाज कसा बांधावा

सोडतीचे एक तिकीट आपण घेतो, आणखी चार तिकिटे ओळखीच्या लोकांकडे दिसतात आणि मग साहजिकच प्रश्न पडतो की अशी एकूण तिकिटे असतील तरी किती. आयोजक सांगत नसले, तरी तिकिटांवरचे अनुक्रमांक बरेच काही सांगतात.

समजा, आपल्याला दिसलेले क्रमांक २०३, ४१, ३८५, १२६ आणि ३१८ असे आहेत. प्रथम ते चढत्या क्रमाने लिहून काढावेत: ४१, १२६, २०३, ३१८, ३८५. तिकिटे निदान ३८५ आहेत, हे निश्चित झाले. परंतु नेमके शेवटचेच तिकीट आपल्या हाती लागले असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. म्हणून ३८५ मध्ये काहीतरी भर घालावी लागते, आणि ती किती घालायची हे क्रमांकांमधील मोकळ्या जागांवरून ठरवता येते.

आता त्या जागा मोजाव्यात. ४१ च्या आधी न दिसलेले ४० क्रमांक आहेत, ४१ आणि १२६ यांच्या दरम्यान ८४, आणि पुढे अनुक्रमे ७६, ११४ आणि ६६. यांची बेरीज ३८० होते आणि जागा पाच असल्यामुळे सरासरी ७६ येते. क्रमांक कोणताही पक्षपात न होता समोर आले असतील, तर ३८५ नंतरची, आपल्याला न दिसणारी जागाही सरासरीने या पाच जागांएवढीच असणार. तिने वेगळे असण्याचे कारण नाही. म्हणून ३८५ मध्ये ७६ मिळवावेत. अंदाज येतो ४६१.

प्रत्येक वेळी जागा मोजत बसण्याची गरज नाही. सर्वांत मोठ्या क्रमांकाला दिसलेल्या तिकिटांच्या संख्येने भागावे, त्यातून एक वजा करावा आणि उरलेली संख्या त्या मोठ्या क्रमांकात मिळवावी: ३८५ ÷ ५ = ७७, ७७ − १ = ७६, ३८५ + ७६ = ४६१.

अनेकांना येथे सरासरीची दुप्पट करण्याचा मोह होतो. ती रीत तत्त्वतः चुकीची नाही, पण कधी कधी ती फारच विचित्र उत्तर देते. २३, ६१, ९७, १४० आणि ३८५ हे क्रमांक दिसले, तर त्यांच्या सरासरीची दुप्पट सुमारे २८२ होते, आणि ३८५ क्रमांकाचे तिकीट तर आपल्या डोळ्यांसमोर असते!

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी जर्मन रणगाड्यांचे मासिक उत्पादन त्यांच्या सुट्या भागांवरील अनुक्रमांकांवरून याच तत्त्वाने काढले होते. ऑगस्ट १९४२ साठी त्यांचा अंदाज ३२७ होता, हेरखात्याचा १,५५०. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत आकडा सापडला ३४२.

मात्र ४६१ हा आकडा अचूक समजू नये. तिकिटे खरोखर ७०० असती, तर पाचही क्रमांक ३८५ किंवा त्याहून लहान निघण्याची शक्यता ०.५५ चा पाच वेळा गुणाकार केल्यास मिळते, म्हणजे शंभरात साधारण पाच. त्यामुळे ७०० च्या वरचा आकडा संभवत नाही असे नाही, पण तो मानायला मन सहज तयार होऊ नये.

सूत्रापेक्षा नमुन्यातच अधिक चुका होतात. एकाच पुस्तिकेतून फाडलेली २०१ ते २०५ ही तिकिटे म्हणजे पाच स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. ती एकच धरावीत. तसेच पुस्तिका सुरुवातीपासून क्रमाने विकल्या जात असतील, तर आपला अंदाज विकलेल्या तिकिटांचा होतो, छापलेल्यांचा नाही, कारण न उघडलेल्या पुस्तिका कोणाच्याच हाती पडत नाहीत.

क्रमांक १ पासूनच सुरू झाले आहेत का, हेही पाहावे. तिकिटे १००१ पासून छापली असतील आणि १०४१ ते १३८५ असे क्रमांक दिसत असतील, तर आधी प्रत्येकातून १,००० वजा करावेत. नाहीतर तेच सूत्र ४६१ ऐवजी १,६६१ सांगेल. सुरुवात ठाऊकच नसेल, तर फक्त मधल्या चार जागा वापराव्यात. त्यांची सरासरी ८५ आहे. दोन्ही टोकांना तेवढीच जागा सोडली, की सहा जागांचे ५१० आणि दिसलेली ५ तिकिटे मिळून ५१५ होतात. हा अंदाज अर्थातच अधिक डळमळीत असतो.

पुढे आणखी एखादे तिकीट दिसले, तर हिशेब नव्याने करावा, मग ते लहान क्रमांकाचे का असेना. सहावे तिकीट २९० क्रमांकाचे निघाले, तर सर्वांत मोठा क्रमांक ३८५ च राहतो, पण त्याला आता सहाने भागायचे असल्यामुळे अंदाज ४६१ वरून सुमारे ४४८ पर्यंत खाली येतो.