संदर्भसूची की ग्रंथसूची? या चुका टाळा

वाचलेल्या पुस्तकांची नावं शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहिली की काम झालं, ही शाळेतली सवय. कॉलेजात त्या पानावर दोन वेगवेगळ्या याद्या येऊ शकतात. संदर्भसूचीत, म्हणजे रेफरन्स लिस्टमध्ये, मजकुरात ज्यांचा उल्लेख केला तेवढीच साधनं येतात. ग्रंथसूचीत, म्हणजे बिब्लिओग्राफीत, वाचलेली पण मजकुरात न आलेली पुस्तकंही चालतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर ‘संदर्भसूची’ लिहायचं आणि खाली सगळं ओतायचं. समजा, दहा पानांच्या निबंधाला 14 नोंदींची यादी जोडली आहे. तपासणारा एकेक नाव मजकुरात शोधतो. नऊ सापडतात. चार कुठेच नाहीत, म्हणजे ती नुसती यादी लांब दिसावी म्हणून घातली असावीत, असा संशय येतो. उरलेल्या एका पुस्तकाचं वर्ष मजकुरात 2014 आहे आणि यादीत 2004. टाइप करताना एक आकडा चुकला, एवढंच. पण वाचणाऱ्याला ती दोन वेगळी पुस्तकं वाटतात आणि त्यातलं एक यादीतून गळालंय असं दिसतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. निबंध छापून घ्या. स्क्रीनवर डोळा घसरतो. मजकुरात आडनाव आणि वर्ष आलं की यादीतल्या त्या नोंदीपुढे पेन्सिलीने खूण करा. जे यादीत सापडत नाही, त्याभोवती मजकुरातच गोल करा आणि ती नोंद यादीत वाढवा. शेवटी यादीत बिनखुणेची नावं राहतील, ती काढा. विभागाने ग्रंथसूची मागितली असेल, तर तीच नावं राहू द्या आणि मथळा बदला. पुस्तक वाया जाऊ नये म्हणून मजकुरात ओढूनताणून एक वाक्य घुसवणं हा शॉर्टकट मात्र लगेच पकडला जातो.

दुसरी चूक न वाचलेल्या पुस्तकाची. तुम्ही वाचलं ‘ख’ या लेखकाचं पुस्तक, त्यात ‘क’चं मत सापडलं, आणि यादीत थेट ‘क’ गेला. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत मजकुरात ‘क, ख यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहितात आणि यादीत फक्त ‘ख’ येतो. ‘क’ हवाच असेल, तर मूळ पुस्तक काढून ते पान वाचा. ग्रंथसूचीतही न वाचलेलं चालत नाही.

बाकी किरकोळ. एपीएमध्ये कुणाशी झालेला खासगी ईमेल मजकुरात नोंदवतात, यादीत नाही. मजकुरात [1], [2] असे आकडे देणाऱ्या पद्धतीत यादी उल्लेखाच्या क्रमाने लागते, तिला अकारविल्हे लावलं की सगळे आकडे चुकतात. आणि एमएलए या दुसऱ्या पद्धतीत ही यादी ‘वर्क्स साइटेड’ या नावाने येते. नाव वेगळं असलं तरी तिच्यातही उल्लेख केलेलीच साधनं येतात.