पंप लावण्याआधी पान्ह्याची तयारी

बाळ दिवसांआधी जन्मलं, काचेच्या पेटीत आहे आणि आईला पंपाने दूध काढायचं आहे. अशा आईसाठी ही यादी. नवजात विभागात काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसली: पंप स्वच्छ, बाटल्या उकळलेल्या, सगळी तयारी चोख, फक्त पान्ह्याची तयारी कुणी केलेली नसते.

आधी एक फरक लक्षात ठेवा. दूध तयार करतं ते प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक. वार पडली की गर्भारपणातलं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि प्रोलॅक्टिनवरचा लगाम सुटतो. म्हणून दूध भरून यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर येतो तो चीक, थेंबाथेंबाने, आणि तो पंपापेक्षा हाताने जास्त मिळतो. तयार झालेलं दूध बाहेर ढकलतं ते दुसरं संप्रेरक, ऑक्सिटोसिन. दुधाच्या पिशव्यांभोवती आवळणाऱ्या पेशींची जाळी असते, ती ऑक्सिटोसिनमुळे आकसते आणि दूध नळ्यांतून पुढे येतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. पंप ओढतो खरा, पण पान्हा फुटल्याशिवाय त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

प्रोलॅक्टिनसाठी तयारी म्हणजे वेळापत्रक. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच सुरुवात करा. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध काढायचं, आणि त्यातली एक वेळ तरी रात्रीची हवी, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. गजर आधीच लावून ठेवा. स्तन रिकामे होत राहिले तरच पुढचं दूध बनतं. भरलेलं तसंच राहिलं की स्तन स्वतःच उत्पादन मंदावतो.

ऑक्सिटोसिनची तयारी वेगळी. ते झटक्याझटक्याने सुटतं आणि रक्तात काही मिनिटंच टिकतं. बाळाचा वास, आवाज, स्पर्श एवढ्यानेही ते सुटतं. वेदना आणि भीती मात्र त्याला अडवतात. 1948 मध्ये मायकेल आणि नाइल्स न्यूटन यांनी हे एका आईवर मोजून दाखवलं. शांतपणे पाजताना बाळाला सरासरी 168 ग्रॅम दूध मिळालं. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणं, गणितं विचारणं असे त्रास दिल्यावर ते 99 वर आलं. त्याच त्रासात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर 153. म्हणजे दूध आत होतंच, ते बाहेर येत नव्हतं.

म्हणून टाके दुखत असतील तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दूध काढण्याच्या अर्धा तास आधी घ्या. बाळाच्या अंगावरची टोपी किंवा दुपटं मागून घ्या. पंपाचं स्तनावर बसणारं फनेल तपासा: बोंड नळीत मोकळेपणी पुढेमागे सरकायला हवं, ते घासत असेल तर ती वेदनाच पान्हा अडवेल. ओढ सहन होईल तितकीच ठेवा.

पाचव्या दिवसाची एक आई आठवते. छाती गच्च भरलेली, पण पंधरा मिनिटांत जेमतेम पाच मिलिलिटर दूध निघालं. तिची नजर सारखी बाटलीवर. पुढच्या वेळी आम्ही बाटलीवर बाळाचा मोजा चढवला. टोपी तिच्या नाकाशी दिली. तिच्या आईने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मुठीने हलकं चोळलं. पंप आधी भरभर आणि हलक्या ओढीवर. तिसऱ्या मिनिटाला थेंबांची धार झाली, तेव्हा पंप संथ आणि खोल ओढीवर नेला. धार ओसरली तशी ती बटणाकडे वळली, मी थांबवलं. पुन्हा दोन मिनिटं भरभर, आणि दुसरा पान्हा आला. एका बैठकीत असे दोन-तीन पान्हे येतात, म्हणून दोन्ही बाजू एकदम पंधरा ते वीस मिनिटं चालू द्या. त्या दिवशी मोज्याखाली पस्तीस मिलिलिटर निघालं. मोजा काढल्यावर ती किती वेळ बाटली हातात धरून बसली होती!

पान्ह्याची खूण शोधताना अंगातल्या मुंग्यांवर विसंबू नका, कित्येकींना त्या जाणवतच नाहीत. थेंबांची धार होणं ही खरी खूण. पहिल्या दिवसांत त्याच वेळी ओटीपोटात कळही येते, कारण ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं.

छाती भरलेली आणि दूध येत नाही, तर अडचण बहुधा पान्ह्याची. चौथ्या-पाचव्या दिवशीही छाती मऊच राहिली, तर अडचण दूध बनण्याची असू शकते. अशा वेळी नुसती पाठ चोळत बसू नका, डॉक्टरांना सांगा: वारेचा तुकडा आत राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉन पुरतं उतरत नाही आणि दूध भरत नाही. सोबत रक्तस्राव जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा.