ऑफिसचा कडवटपणा घरी येत होता: माझा अनुभव

हिंजवडीहून कोथरूडला घरी पोचलो की भाजीत मीठ कमी, दारात चपला वाकड्या, अशा कशावरूनही चिडायचो. माझ्या किल्लीचा आवाज आला की लेक टीव्ही बंद करून खोलीत जायची. ते बघून पोटात कालवायचं.

आधी गप्प राहून पाहिलं; घरच्यांना वाटे, राग त्यांच्यावरच आहे. मग जेवताना बायकोला सगळं सांगू लागलो. तासभर तेच उगाळून मी आणखीच तापायचो.

शेवटी जमलं ते असं. पार्किंगमध्ये स्कूटर लावून तिथेच मोबाइलवर तीन ओळी लिहायच्या: काय झालं, मनाला काय लागलं, उद्या काय करणार. एका दिवशीच्या ओळी: ‘माझा रिपोर्ट साहेबांनी स्वतःच्या नावाने मांडला. महिनाभर राबलो, माझा साधा उल्लेखही नाही. उद्या ११ वाजता भेटून विचारणार.’ तिसरी ओळ सुचेपर्यंत वर जायचं नाही. ती नसली की डोकं घरीही तेच दळत बसतं. मग दारातच बायकोला एक वाक्य, "आज साहेबांवर चिडलोय, तुमच्यावर नाही." हातपाय धुवायचे आणि १५ मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून लेकीजवळ बसायचं.

साहेब आहेत तसेच आहेत. तिसऱ्या आठवड्यात किल्ली फिरवली, तेव्हा टीव्ही चालूच होता.