बेसा-बेलतरोडीत कूलरचं काम

नागपुरात बेसा, बेलतरोडीकडे नव्या इमारतीत धंदा शोधायचा असेल, तर आधी रात्री आठला खाली उभं राहून दिवे मोजा. विकलेले फ्लॅट आणि राहते फ्लॅट यांत फार फरक असतो. समजा अठ्ठावीसपैकी अठरा घरांत दिवे आहेत आणि अकरा खिडक्यांना कूलरचे स्टँड. ही अकरा घरं तुमची. मार्चमध्ये त्यांना ताट्या बदलून, टाकी धुऊन, पंप तपासून देणारा माणूस जवळपास मिळत नाही. शहरातला मिस्त्री एका कूलरसाठी एवढ्या लांब येत नाही. एकाच इमारतीतली कामं सलग धरली, तर अकरा कूलर दोन-तीन दिवसांत होतात.

बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा थर बसतो, पाणी सगळीकडे झिरपत नाही आणि कोरड्या पट्ट्यातून गरम हवा येते. अशा घरी मेमध्ये दुसरी फेरी आधीच ठरवा. हात लावण्यापूर्वी प्लग काढायचाच, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर सुरू करून देऊ नका.

पाऊस आला की हे काम थांबतं. तेव्हा कूलर उतरवून, वाळवून, झाकून देण्याचे पैसे मार्चमध्येच बोलून ठेवा.