थ्रीडी कन्व्होल्यूशन की फ्रेम फीचर्स आणि एलएसटीएम? तुलना करताना या चुका टाळा

माणसांच्या कृती ओळखण्यासाठीच्या यूसीएफ१०१ या व्हिडिओ डेटासेटवर दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या की बहुतेकांचा निष्कर्ष एकच निघतो: रेसनेटची फीचर्स आणि वर एलएसटीएम सरस, थ्रीडी कन्व्होल्यूशन कुचकामी. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा ही शर्यतच सारखी नसते.

रेसनेट इमेजनेटवर शिकून आलेलं असतं, आणि थ्रीडी मॉडेल मात्र कोरं. पहिल्या स्प्लिटमध्ये ट्रेनिंगला ९,५३७ क्लिप्स मिळतात. कोट्यवधी पॅरामीटर्सच्या कोऱ्या मॉडेलला त्या पुरत नाहीत. ट्रेनिंगची अचूकता शंभरीला टेकते आणि टेस्टची खालीच राहते, यावरून हे लगेच ओळखू येतं. २०१७ च्या आयथ्रीडी या मॉडेलने यावर सोपी युक्ती काढली: टूडी फिल्टर वेळेच्या दिशेने N वेळा ठेवायचा आणि वजनांना N ने भागायचं. मग थ्रीडी मॉडेललाही इमेजनेटची शिदोरी मिळते.

दुसरी गफलत वेळेची. इथल्या क्लिप्स २५ एफपीएसच्या, सरासरी सात सेकंदांच्या. थ्रीडीला सलग १६ फ्रेम्स दिल्या तर त्याला जेमतेम ०.६४ सेकंद दिसतं. एलएसटीएमला त्याच १६ फ्रेम्स पूर्ण क्लिपभर पसरून दिल्या, तर ते सगळी हालचाल पाहतं. टेस्टच्या वेळी थ्रीडीच्या अनेक खिडक्यांच्या गुणांची सरासरी घ्या.

सगळ्यात छुपी चूक मात्र एलएसटीएमच्या बाजूला असते. पायटॉर्चमध्ये `batch_first` मुळात `False` असतं. N क्लिप्स आणि प्रत्येकीच्या T फ्रेम्स अशी `(N, T, 2048)` आकाराची फीचर्स तशीच दिली तर एरर येत नाही. मॉडेल बॅचलाच वेळ समजतं आणि एका क्लिपची आठवण पुढच्या क्लिपमध्ये नेतं. बरोबर रूप असं:

```python
lstm = nn.LSTM(2048, 512, batch_first=True)
out, _ = lstm(feats)   # (N, T, 2048)
clip = out[:, -1]
```

चुकीच्या रूपात `out[:, -1]` म्हणजे प्रत्येक क्लिपची फक्त शेवटची फ्रेम, वर शेजारच्या क्लिप्सची भेसळ. तरीही अचूकता बरी येते, कारण इथे पोहण्याचा तलाव किंवा बिलियर्ड्सचं टेबल एका फ्रेममध्येही ओळखू येतं. म्हणून कोणी शंका घेत नाही. `eval()` मोडमध्ये तीच क्लिप आधी एकटी आणि मग आठ जणांच्या बॅचमध्ये शेवटी ठेवून चालवा. उत्तर लक्षणीय बदललं तर हीच गडबड.

आणि क्लिप्सची यादी स्वतः पिसून स्प्लिट करू नका. `v_Billiards_g01_c01.avi` मधला `g01` हा गट आहे. एका गटात माणूस आणि पार्श्वभूमी तीच असू शकते. गट फुटला की दोन्ही मॉडेल्स भिंती पाठ करतात. अधिकृत यादीच वापरा.

शेवटी टेस्टच्या फ्रेम्सचा क्रम विस्कटून पुन्हा मोजा. अचूकता हललीच नाही, तर दोन्हींपैकी कोणी वेळ वापरतंय असं म्हणता येत नाही. अशा वेळी समथिंग-समथिंगसारखा डेटासेट घ्या. तिथे वस्तू डावीकडून उजवीकडे ढकलणं आणि उलट ढकलणं हे वेगळे वर्ग आहेत. फक्त तिथे आडवा फ्लिप बंद ठेवा, नाहीतर लेबलं खोटी पडतील.