मातीच्या तासाला ढेकळे चाळताय? परिसर अभ्यासातल्या या चुका टाळा

चौथीच्या वर्गात तीन पुड्या मांडलेल्या असतात: काटोल रोडकडच्या शेतातली काळी माती, टेकडीजवळचा मुरूम आणि कन्हानची रेती. चाळणी फिरते, तक्ता भरतो आणि निम्म्या वह्यांत लिहिलेले सापडते, "काळ्या मातीचे कण सर्वांत मोठे." वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. काळ्या मातीत भरपूर असणाऱ्या चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. मुलांनी जे पाहिले तेच लिहिले. फक्त चाळणीवर कण नव्हते, ढेकळे होती.

आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. वाळताना बारीक कण एकमेकांना इतके घट्ट धरतात की ढेकूळ दगडासारखे कडक होते. नमुना गच्चीवर कडक उन्हात टाकला तर हे काम आणखीच पक्के होते. तो कागदावर पसरून सावलीत वाळवा आणि अर्धवट ओला असतानाच मोठी ढेकळे हाताने मोडा. पुरता वाळल्यावर लाटण्याने हलकेच दाबा. दगडाने कुटू नका, त्याने मुरमातले खरे खडेही फुटतात आणि तुलनाच बिघडते.

चाळणीवर उरलेले ढेकूळ आहे की खडा, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. उरलेल्यातले चार-पाच तुकडे बशीत ठेवून ते बुडतील इतके पाणी घाला आणि हलवू नका. वाळलेले ढेकूळ थोड्या वेळात कडेने सुटू लागते, बुडबुडे येतात आणि तळाशी चिखल बसतो. खडा जसाच्या तसा राहतो. काळ्या मातीत कधी पांढरट, कडक गोळे सापडतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. त्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर ते चुनखडीचे. ते खरेच खडे आहेत, तसेच नोंदवा.

आता आकड्यांत बघू. समजा प्रत्येक मातीचे २०० ग्रॅम घेतले आणि कोरडेच चाळले. काळ्या मातीचे १२० ग्रॅम वर राहिले, रेतीचे ३०. इथेच थांबलो तर निष्कर्ष चुकला. वर राहिलेले १२० ग्रॅम रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी बोटांनी कालवा आणि त्याच चाळणीतून बादलीवर धुऊन काढा. चाळणीवरचे वाळवून वजन केले तर कदाचित १० ग्रॅमच भरेल. रेतीलाही हीच वागणूक द्या, तिचे ३० ग्रॅम जवळपास तेवढेच राहतील. तक्त्यात "कोरडे चाळून" आणि "धुऊन चाळून" असे दोन रकाने ठेवा. फरक मुलांना आपोआप दिसतो.

बादलीतले पाणी ओतून देऊ नका, तास खरा तिथेच रंगतो. ते ढवळून पारदर्शक बरणीत भरा. रेतीचे कण मिनिटभरात तळाला बसतात, गाळ त्यानंतर हळूहळू, आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसू शकते. घरातली कोणतीही चाळणी हे शेवटचे दोन वेगळे करू शकत नाही, म्हणून बरणी लागतेच.

नमुना कुठून आणला, यावरही बरेच अवलंबून असते. शाळेच्या मैदानावरची माती बहुधा भरावाची असते, कुठून तरी आणून टाकलेली. "आमच्या परिसरातली माती" म्हणून ती चालत नाही. रस्त्याची कड, बांध आणि शेणखताचा ढीग सोडून, गवत-पालापाचोळा बाजूला सारून साधारण १५ सेंटिमीटर खोल खणा. चार-पाच जागांची माती मिसळून एक नमुना करा आणि पुडीवर जागा लगेच लिहा. पावसाळ्यात काळी माती खुरप्याला चिकटते, दिवाळीनंतर काम सोपे जाते. चाळताना धूळ उडते, तेव्हा मुलांना मोकळ्या जागेत, नाकाला रुमाल बांधूनच बसवा.

पाणी धरून ठेवण्याच्या प्रयोगातही ढेकळेच घात करतात. उलट्या कापलेल्या बाटलीत ढेकळांसह काळी माती भरली की पाणी फटींतून झरझर खाली जाते आणि मुले लिहितात, "काळ्या मातीतून पाणी लवकर झिरपते." तिन्ही माती आधी चाळून घ्या, सारख्याच वजनाच्या भरा आणि बाटली सारखीच आपटून माती बसवा. पहिल्यांदा ओतलेल्या पाण्याची वेळ नोंदवू नका. माती भिजून फुगू द्या, खालची गळती थांबली की पुन्हा १०० मिलिलिटर ओता आणि या दुसऱ्या पाण्याची वेळ लिहा. रेतीतून ते लगेच उतरते, काळ्या मातीवर मात्र बराच वेळ साचून राहते.