ॲपला आपले फोटो दिसतात, हे आईबाबांना कसे समजवावे?

वयस्कर आईबाबांना फोनची सुरक्षितता समजावण्याचे जे सल्ले सर्वत्र मिळतात, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो: त्यांना धोक्याची जाणीव करून द्या. मी तसे एकदा केले आणि त्याचा परिणाम भोगला. नागपूरला आमच्या घरी तान्हा पोळा झाल्यावर आईने माझ्या मुलाचा लाकडी नंदीबैलासोबतचा फोटो एका सजावटीच्या ॲपमध्ये टाकून, भोवती तोरणाची चौकट लावून, सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्या ॲपला तिने सगळे फोटो पाहण्याची परवानगी दिली आहे, हे माझ्या लक्षात आले. मी तिला सांगितले, ‘‘आई, तू चोराच्या हातात घराची चावी दिली आहेस.’’ दुसऱ्या दिवशी तिने घाबरून नातवाचे सगळे फोटो पुसून टाकले. ॲप मात्र फोनमध्ये तसेच राहिले. फोटोंचा बॅकअप चालू होता, त्यामुळे ते ‘गूगल फोटोज’च्या कचरापेटीत 60 दिवस राहणार होते आणि मला परत आणता आले. चावीची उपमा मात्र मी कायमची सोडली.

फोन चार्ज करून, चष्मा लावून, टीव्ही बंद करून बसावे, हे वेगळे सांगायला नको. शक्य असेल तर त्यांचाच फोन घ्यावा, कारण तुमच्या फोनवर दाखवलेली गोष्ट त्यांच्या लेखी तुमच्याच फोनची असते. पुढचे वर्णन अँड्रॉइडचे आहे. कंपनी आणि आवृत्ती बदलली की पडद्यावरचे शब्द थोडे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी त्याच फोनवर सगळे एकदा स्वतः करून पाहावे.

सुरुवात यादीने करावी. सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत Permission manager असे लिहिले की ते पान सापडते. तिथे फोटो आणि व्हिडिओ हा प्रकार उघडला की कोणकोणत्या ॲपला फोटो पाहू दिले आहेत, ते दिसते. ही यादी आईबाबांना मोठ्याने वाचू द्यावी आणि आपण गप्प राहावे. विजेरीचे ॲप किंवा कधी घेतले तेही न आठवणारा एखादा खेळ त्यात आढळला की पहिला प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

आता अवघड टप्पा. याच ठिकाणी माझे दोन रविवार वाया गेले, म्हणून तो सविस्तर सांगतो.

अडचण ‘पाहणे’ या शब्दात आहे. आईच्या मनात पाहणारा म्हणजे माणूस. कुठेतरी कोणी बसून तिचे फोटो एकेक करून चाळत आहे, असे चित्र तिच्यापुढे उभे राहते. मग ती एक तर घाबरते, नाही तर हसून म्हणते, ‘‘माझे फोटो पाहून कोणाला काय मिळणार?’’ दोन्ही वेळा बोलणे तिथेच थांबते. दुसरा गैरसमज याहून चिवट आहे. तिचे म्हणणे होते, ‘‘मी तर कोणाला काही पाठवूनच नाही राहिली, मग दिसेल कसं?’’ फोटो पाठवला तरच तो बाहेर जातो, हा तिचा अनुभव आहे, आणि व्हॉट्सॲपपुरता तो खराही आहे. परवानगी दिल्यावर पाठवण्याचे बटण न दाबताही ॲप फोटोची प्रत घेऊ शकते, ही गोष्ट तिच्या अनुभवाबाहेरची आहे.

शेवटी उपयोगी पडले ते झेरॉक्सचे दुकान. आईने आयुष्यभर कागदांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. मी तिला विचारले, ‘‘झेरॉक्सवाला तुझा कागद वाचतो का?’’ ती म्हणाली, ‘‘त्याला कुठं वेळ आहे?’’ मग मी विचारले, ‘‘पण एका पानासाठी तू घरची सगळी फाईल त्याच्याजवळ ठेवून घरी येशील का?’’ यावर ती थांबली. फाईलमध्ये काय काय असते, ते तिला चांगले ठाऊक आहे: पेन्शनचे कागद, पासबुक, घराची करपावती. यंत्र वाचत नाही, पण प्रत काढते, आणि काढलेली प्रत दुकानात राहिली तर पुढे ती कोणाच्या हाती पडेल, ते आपल्या हातात नसते. तिच्या मनातला माणूस त्या क्षणी गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले. भीती कमी झाली आणि काळजी मात्र योग्य जागी बसली.

यानंतर लगेच फोनची फाईल दाखवावी. गॅलरी म्हणजे नातवंडांचे फोटो, अशीच त्यांची समजूत असते. आमच्याकडे गॅलरीत आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, बाबांचे पासबुक, एका औषधाची चिठ्ठी आणि कोणीतरी सांगितले म्हणून काढून ठेवलेला एटीएम कार्डाचा फोटो निघाला. शेवटचा फोटो मी तिथेच, तिच्या संमतीने, पुसला आणि कचरापेटीतूनही काढला.

‘फोटोतलं अक्षर यंत्राला थोडंच कळतं’ अशी शंका आली, तर ‘गूगल फोटोज’ उघडून शोधाच्या चौकटीत पासबुकावर छापलेला एखादा इंग्रजी शब्द लिहावा. बहुतेक वेळा पासबुकाचा फोटो वर येतो. फोटोतले छापील अक्षर ॲप वाचू शकते, हे त्यांना डोळ्यांनी दिसते. मराठी शब्दांवर हा प्रयोग भरवशाचा नाही आणि नुकत्याच काढलेल्या फोटोवरही तो फसू शकतो, म्हणून कोणता शब्द चालतो, ते आधीच पाहून ठेवावे. आईबाबांसमोर फसलेला प्रयोग सुधारायला पुढचा पूर्ण महिना लागतो.

आता त्याच सजावटीच्या ॲपवर प्रात्यक्षिक करावे. परवानगीच्या पानावर जाऊन ती आधी काढून टाकावी आणि ॲप पुन्हा उघडावे. फोटो निवडायला गेले की ते परवानगी मागते. अँड्रॉइड 14 पासून तिथे तीन पर्याय येतात: सगळे फोटो देणारा Allow all, अजिबात न देणारा Don’t allow, आणि निवडक फोटो देणारा, ज्याचे नाव काही फोनवर Select photos and videos तर काहींवर Allow limited access असते. आईकडून तिसरा पर्याय दाबून घ्यावा आणि नंदीबैलाचा एकच फोटो निवडायला सांगावे. मग ॲपच्या आतली गॅलरी उघडली की तिथे तेवढा एकच फोटो असतो. आई म्हणाली, ‘‘बाकीचे कुठं गेले?’’ मी म्हणालो, ‘‘कुठंच नाही गेले. तुझ्या फाईलमध्ये आहेत, याला फक्त एक पान दिलं.’’ अँड्रॉइड 13 किंवा त्याआधीच्या फोनवर हा निवडक फोटोंचा पर्याय नसतो. तिथे काम झाल्यावर परवानगी काढून घेणे एवढाच मार्ग उरतो.

हे प्रात्यक्षिक एका ठिकाणी हमखास गोंधळ घालते, आणि मी सुरुवातीला स्वतःच त्यात फसलो होतो. काही ॲप परवानगी मागतच नाहीत. फोटो निवडायला गेले की खालून एक खिडकी वर येते आणि तिच्यात सगळे फोटो दिसतात. आई लगेच म्हणते, ‘‘बघ, याला तर सगळेच दिसून राहिले.’’ वस्तुतः ती खिडकी फोनची स्वतःची असते. सगळे फोटो आपल्याला दिसत असतात आणि ॲपच्या हाती आपण निवडलेला फोटोच पडतो. ओळखण्याची खूण अशी की त्या खिडकीत, निवडलेलेच फोटो या ॲपला मिळतील, अशा अर्थाची ओळ असते, आणि ते ॲप परवानगीच्या यादीत सापडत नाही. असे ॲप दिसले तर त्याला बिनधास्त राहू द्यावे.

‘मी तर ॲप बंद केलं होतं’ हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागेलच. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांच्या परवानगीत ‘ॲप वापरत असतानाच’ असा पर्याय असतो, पण फोटोंच्या परवानगीत तो नाही. सगळे फोटो पाहण्याची मुभा एकदा दिली की ती आपण काढेपर्यंत राहते. एखादे ॲप काही महिने उघडलेच नाही, तर नवे फोन ती आपोआप काढतात, पण रोज शुभ सकाळ पाठवणाऱ्या आईला त्याचा उपयोग नाही. त्याचप्रमाणे कॅमेऱ्याची परवानगी आणि फोटोंची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही एकदा सांगून ठेवावे. कॅमेरा म्हणजे समोरचे टिपणे, तर फोटो म्हणजे जुनी फाईल.

परवानगी काढल्याने आधी नेलेली प्रत परत येत नाही, हे लपवू नये. मी ते लपवले होते. झेरॉक्सचेच उदाहरण इथे पुरते: उद्यापासून त्या दुकानात जायचे नाही, पण कालची प्रत तिथे असेल तर असेल. म्हणूनच आधार आणि पासबुकाचे फोटो गॅलरीतून हलवणे अधिक महत्त्वाचे आहे. ‘गूगल फोटोज’मध्ये Locked Folder आहे, त्यातले फोटो इतर ॲपना दिसत नाहीत. मात्र त्या फोल्डरचा बॅकअप चालू नसेल आणि कोणी ‘गूगल फोटोज’ काढून टाकले, तर आतले फोटोही जातात, म्हणून मूळ कागद घरी असल्याची खात्री करूनच ते तिथे ठेवावेत. आधार वारंवार पाठवावे लागत असेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार घ्यावे. त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात.

यादी आवरताना माझे मत स्पष्ट आहे: एका बैठकीत सगळे काढू नये. व्हॉट्सॲपला हात लावू नये, कारण तिथे निवडक फोटोंची परवानगी ठेवली तर प्रत्येक नवा फोटो पाठवताना तो आधी ॲपच्या हवाली करावा लागतो आणि दोन दिवसांत ‘फोन बिघडला’ असा फोन येतो. सजावटीची, स्टिकरची आणि खेळांची ॲप निवडक फोटोंवर आणावीत. कर्ज देणारे ॲप यादीत दिसले, तर मात्र तिथे चर्चा नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली व फोटो, संपर्कयादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. तरीही ते फोटो मागत असेल, तर आधी परवानगी काढावी, त्यातून कर्ज घेतले आहे का ते शांतपणे विचारावे, आणि नसेल तर ॲप काढून टाकावे. कर्ज घेतले असेल, तर हप्त्यांचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट तुमच्या फोनवर घेतल्याशिवाय ते काढू नये.

निघताना आईच्या फोनशेजारच्या डायरीत मी एक ओळ तिच्याच हाताने लिहून घेतली: ‘सगळे मागितले तर एक पान.’ पुढच्या महिन्यात यादी पुन्हा पाहिली, तेव्हा त्यात एक नवे ॲप होते, भजनांचे. त्याच्यापुढे निवडक परवानगी होती आणि दिलेला फोटो एकच होता, देवघराचा.